उशिरोमणी : मित्राच्या खोडीला नाव देताना

श्रोतेहो, मित्राची एखादी सवय आपल्याला वर्षानुवर्षे छळत असते आणि तिच्यासाठी भाषेत तयार असलेला शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झालेला असतो, की तो मित्राला लागतही नाही आणि आपले समाधानही करत नाही. अशा वेळी नवा शब्द घडवावा लागतो. तो कसा घडतो, कुठे फसतो आणि कुठे लागू नये तिथे लागतो, हे मी आज एकाच सवयीच्या आधाराने सांगणार आहे. ती सवय म्हणजे ‘आलोच’ म्हणून न येणे.

आमच्या पाच जणांच्या गटातला एक मित्र ठरलेल्या वेळी फोनवर ‘आलोच’ म्हणे, तेव्हा तो घराबाहेरही पडलेला नसे. त्याला आम्ही पहिल्यांदा ‘लेटलतीफ’ म्हणालो. हा शब्द चांगलाच आहे, कारण ‘ल’ आणि ‘त’-‘ट’ यांची टाळी त्यात दोनदा वाजते आणि अनुप्रासामुळे तो जिभेवर सहज बसतो. परंतु तो सगळ्या उशिरा येणाऱ्यांचा शब्द आहे, आमच्या मित्राचा नव्हे. त्याने तो ऐकला, हसला आणि पुढच्या वेळी पुन्हा पाऊण तास उशिरा आला. मग कोणीतरी ‘उशीरसम्राट’ काढला. तो तर त्याच संध्याकाळी विझला. त्यात ‘उशीर’ आणि ‘सम्राट’ हे दोन शब्द नुसते शेजारी उभे राहतात, एकमेकांत शिरत नाहीत. ‘सम्राट’ कशालाही लावता येतो, म्हणून ऐकणाऱ्याच्या मनात काहीही खटकन उघडत नाही.

तिसऱ्या प्रयत्नात ‘उशिरोमणी’ सापडला आणि तो टिकला. हा शब्द नेमका का चालला, ते थोडे जवळून पाहू. ‘उशीर’ची ‘उशिरा’, ‘उशिराने’ ही रूपे आपण रोज वापरतो आणि त्यांत ‘शि’ ऱ्हस्व असतो. ‘शिरोमणी’ची सुरुवातही त्याच ‘शिर’ने होते. म्हणजे पहिल्या शब्दाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकच आहे. जोडण्यासाठी काही कापावे लागले नाही, की मध्ये काही भरावे लागले नाही. ‘शिरोमणी’च्या आधी केवळ एक ‘उ’ आला. ऐकणाऱ्याला ‘उशि’पर्यंत ओळखीचा उशीर ऐकू येतो, ‘रो’वर शब्द वळतो आणि ‘मणी’ला पोहोचेपर्यंत दोन्ही अर्थ त्याच्या हातात असतात. इंग्रजी लेखक लुईस कॅरलने १८७१ साली अशा शब्दांना दोन कप्प्यांच्या प्रवासी पेटीची उपमा दिली होती. ती उपमा मला आवडते, पण मराठीपुरते मला असे दिसते, की चांगल्या शब्दात दोन कप्प्यांमधली भिंत कोणत्या अक्षरावर आहे हे सांगताच येत नाही. ‘शिर’ उशिराचे की शिरोमणीचे? दोघांचेही. ‘विसर’ आणि ‘सरस्वती’ यांतून होणाऱ्या ‘विसरस्वती’तही ‘सर’ असाच दोघींचा आहे, आणि प्रत्येक संभाषणाची सुरुवात कुरकुरीने करणाऱ्याच्या बोलण्याला आम्ही दिलेल्या ‘तक्रारंभ’ या नावात ‘तक्रार’चा शेवटचा ‘आर’ आणि ‘आरंभ’चा पहिला ‘आर’ एकावर एक बसले आहेत.

भिंत दिसली, की शब्द फसतो. ‘आळस’ आणि ‘महर्षी’ घेऊन ‘आळमहर्षी’ केले, तर ‘आळस’ ओळखू येण्याआधीच तुटतो. ऐकणारा ‘म्हणजे काय?’ असे विचारतो, आणि जो शब्द समजावून सांगावा लागला तो तिथेच संपला. म्हणून मी एक साधी कसोटी लावतो : गटाबाहेरच्या, पण ती सवय ठाऊक असलेल्या माणसापुढे तो शब्द काहीही प्रस्तावना न करता वापरावा. तो हसला किंवा त्याने मान डोलावली, तर शब्द उभा राहिला. दुसरी कसोटी व्याकरणाची आहे. ‘उशिरोमणींना फोन करा’, ‘आज उशिरोमणींची वाट पाहायची नाही’, ‘हा उशिरोमणीपणा पुरे’ अशी वाक्ये सहज होतात, म्हणजे शब्दाला प्रत्यय लागतात आणि तो बोलण्यात फिरू शकतो.

अनुप्रासाचे काम वेगळे आहे. ‘घड्याळाशी घटस्फोट घेतलेला’ ही आमच्या गटातलीच रचना. तीन ‘घ’ घणासारखे पडतात, पण तिला ‘ला’, ‘ना’ लावून रोज हाक मारता येत नाही. ती घोषणेची भाषा आहे : मित्र दारात दिसला, की सर्वांनी मिळून म्हणावी आणि पुढच्या वेळेपर्यंत ठेवून द्यावी. अनुप्रासासाठी अक्षर निवडताना मराठीची एक खोड उपयोगी पडते. आपल्याकडे ‘ट’ आणि ‘ढ’ या ध्वनींतच थोडी थट्टा मुरलेली आहे. ‘बावळट’, ‘खुळचट’, ‘मेंगळट’ या शब्दांत शेवटचा ‘ट’ हिणवण्याचे काम करतो, आणि ‘ढ’ तर एकटाच पुरेसा शब्द आहे. म्हणून बोलता बोलता फोनमध्ये बुडणाऱ्या मित्रासाठी ‘मोबाइल’ आणि ‘बावळट’ यांचा ‘मोबावळट’ होतो, तेव्हा ‘बा’ सांधा जुळवतो आणि ‘ट’ टोला मारतो. ‘उशिरोमणी’त असा टोला नाही. तिथे थट्टा मानाच्या पदवीतून येते. क्रियापदही आदरार्थी लागते, ‘उशिरोमणी आले’, आणि त्या आदरामुळे डंख सौम्य होतो. चिडक्या मित्रासाठी मी नेहमी हाच मार्ग निवडेन.

शब्द सवयीला लागला पाहिजे, माणसाला नाही. हे म्हणायला सोपे आहे, परंतु आमचीही एकदा गफलत झाली. मित्र दीड तास उशिरा आला आणि आम्ही चौघांनी एका सुरात ‘उशिरोमणी आले’ म्हटले. तो हसला नाही. खुर्चीवर बसून त्याने पाणी मागितले. त्याच्या वडिलांना सकाळपासून दवाखान्यात ठेवले होते आणि तो तिथूनच येत होता. त्या दिवशी उशीर ही त्याची सवय नव्हती, आणि आमचा शब्द मात्र सवयीच्या जोरावर बाहेर पडला होता. शब्द जितका घोटीव, तितका तो विचार न करता सुटतो, हे मला त्या दिवशी कळले. त्यानंतर जवळजवळ चार महिने तो शब्द आमच्यात कोणीही उच्चारला नाही, आणि मीही तो सुचवला नाही, कारण तो परत आणायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार आता त्याचा होता.

तो त्यानेच परत आणला. एका रविवारी आम्ही ठरलेल्या जागी उभे होतो, दहा मिनिटे उलटून गेली होती, आणि चौघांच्याही फोनवर एकाच वेळी त्याचा निरोप आला : ‘उशिरोमणी निघाले आहेत, खरोखर निघाले आहेत.’