पटावर आहे, वर्गात नाही : शालेय संशोधनातलं पद्धतीचं प्रकरण

(एम.एड. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

प्रबंधातलं तिसरं प्रकरण उघडलं की बहुतेक ठिकाणी नमुना म्हणजे काय, त्याचे प्रकार किती, प्रश्नावलीचे गुणदोष कोणते, हेच वाचायला मिळतं. ते सगळं पाठ्यपुस्तकात आहे. परीक्षकाला कळायला हवं असतं ते वेगळंच. तुम्ही हीच शाळा का घेतली, हीच चाचणी का वापरली, आणि त्या मुलाला विचारलं होतं का?

आपण एकच विषय धरून बोलू. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्यात, ऊसतोड कामगारांच्या गावांतल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये चौथीच्या मुलांना कितपत वाचता येतं, एवढाच प्रश्न. आता नमुना कुठून घ्यायचा? शाळांची यादी यू-डायसमधून मिळते, मुलांची पटावरून. पण दसऱ्याच्या आसपास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे थांबायची सोय नसते. आईबाप जातात, सोबत बरीच मुलंही जातात, ती पाडव्याच्या आगेमागे परत येतात. काही मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. म्हणजे डिसेंबरात तुम्ही शाळेत गेलात, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्यापाशी आहे तोच मुलगा कोल्हापूर-सांगलीच्या फडावर असतो.

आकड्यांत बघू, हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. पटावर 22 मुलं, त्या दिवशी हजर 14, त्यातली 7 सलग परिच्छेद वाचतात. तुम्ही लिहिता, पन्नास टक्के. गेलेल्या 8 जणांतली 2 मुलं वाचणारी असतील, तर खरा आकडा 22 पैकी 9, म्हणजे 41 टक्के. ही चूक जास्त मुलं घेऊन भरून निघत नाही. तुम्ही पन्नास शाळांत गेलात तरी तीच मुलं गळत राहतील. म्हणून माहिती जुलै ते सप्टेंबरमध्येच गोळा करायची आणि त्याचं कारण प्रकरणात लिहायचं. तरीही गैरहजर राहिलेल्यांची नोंद ठेवायची : किती, मुलगे किती, मुली किती, दुसऱ्यांदा गेल्यावर त्यातली किती भेटली. हा तक्ता फार थोड्या प्रबंधांत सापडतो. मी तरी प्रबंध हातात आला की आधी तोच शोधतो.

दुसरा मुद्दा संख्येचा. ‘नमुना 300’ असं लिहिलं की काम झालं, असं वाटतं. पण 10 मोठ्या शाळांतून तीस-तीस मुलं घेणं आणि 30 शाळांतून दहा-दहा घेणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. एका वर्गातल्या मुलांना शिक्षक एकच, गाव एकच. त्यामुळे ती एकमेकांसारखी असतात. हा सारखेपणा समजा 0.2 आहे. मग एका शाळेतल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करायचा, त्याला 0.2 ने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. तीस-तीसच्या नमुन्यात उत्तर येतं 6.8, दहा-दहाच्या नमुन्यात 2.8. तीनशेला त्याने भागा. पहिल्या नमुन्याची ताकद सुट्या निवडलेल्या 44 मुलांएवढी, दुसऱ्याची 107 एवढी. मुलं तेवढीच, फक्त एस.टी.चा प्रवास वाढला. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत चौथीत पाच-सहाच मुलं असतात, त्यामुळे तिथे चिठ्ठ्या टाकून शाळा निवडा आणि त्या शाळेतली चौथीची सगळी मुलं घ्या. म्हणजे प्रत्येक मुलाला निवडलं जाण्याची सारखी संधी मिळते, आणि ‘सर, हुशार हुशार पाठवतो’ असं म्हणायला गुरुजींनाही जागा राहत नाही.

आता साधन. चौथीच्या मुलाला छापील प्रश्नावली देऊन वाचन मोजता येत नाही. ज्याला वाचता येत नाही तो प्रश्न तरी कसा वाचणार? एकेकाला बसवून तोंडी चाचणीच घ्यावी लागते. ‘असर’च्या चाचणीचा क्रम इथे उपयोगी पडतो. सुरुवात सोप्या परिच्छेदापासून करायची. जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. परिच्छेद मात्र पाठ्यपुस्तकातला नको. तो मुलांना पाठ असतो. शंका आली तर ओळीवर हात ठेवा. मुलाचं ‘वाचन’ तरीही चालू राहिलं, तर ते वाचन नव्हे.

गुण देण्याचा नियम आधी ठरवा, कारण खरा घोळ तिथेच होतो. या भागातली मुलं ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. तांड्यावरच्या मुलाच्या घरची भाषा गोरमाटी आहे. छापील अक्षर ओळखून त्याने आपल्या उच्चारात वाचलं, तर ते बरोबर धरायचं. एक परीक्षक बरोबर धरतो आणि दुसरा चूक, असं झालं तर तुम्ही वाचन मोजतच नाही, जात-भाषा मोजता. म्हणून नमुन्यात नसलेल्या एका शाळेत पूर्वचाचणी घ्या. दोघांनी त्याच मुलांना स्वतंत्र गुण द्यायचे, मग ताडून बघायचं. जिथे फरक पडला तिथे नियम कसा सुधारला, तेही लिहा. नुसतं ‘साधन विश्वसनीय आढळले’ हे वाक्य काही सांगत नाही.

नैतिकतेबद्दल प्रबंधात बहुधा एकच ओळ असते : ‘मुख्याध्यापकांची परवानगी घेतली.’ ती दारातून आत जाण्याची परवानगी आहे, मुलाची नाही आणि पालकांचीही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी लिहिलेली आहेत, पण आपल्याला ती वापरता येतात. पालकांची संमती लागते, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकारही लागतो. पालक निरक्षर असतील तर पत्रक वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा, आणि शाळेशी संबंध नसलेला साक्षीदार ठेवायचा. हेही टोळ्या निघण्याआधीच करावं लागतं. फोनवर फडावरच्या बापाला ‘चालेल ना?’ विचारणं ही संमती नव्हे.

होकाराचं आणखी अवघड आहे. गुरुजींसमोर नऊ वर्षांचं मूल ‘नाही’ म्हणत नाही. त्यामुळे गुरुजींना ऐकू जाणार नाही, पण सगळ्यांना दिसेल अशा जागी, व्हरांड्यात बसा. आधी एक खोटा प्रश्न विचारा : ‘तुला आत्ता उड्या मारायच्यात का?’ ‘नाही’ म्हटलं तरी कुणी रागावत नाही, हे त्याला आधी कळू दे. मग वाचनाचं विचारा. गप्प बसलं, वर्गाकडे बघत राहिलं, तर तो नकार आहे. तसा नोंदवा आणि त्याला परत पाठवा. पेन्सिल देणार असाल तर न वाचलेल्यालाही द्या.

गुप्ततेचं वचन देताना जपून बोला. बोलता बोलता मूल लैंगिक अत्याचाराबद्दल सांगून गेलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं म्हणून बसलात, तर कायदा तरी मोडाल किंवा शब्द तरी. ‘तुला धोका असेल तर मदत करू शकेल अशा माणसाला सांगावं लागेल’, असं सुरुवातीलाच म्हणा. 1098 हा क्रमांक तुमच्यापाशी असू द्या, आणि अशा वेळी कुणी काय करायचं ते प्रकरणात लिहून ठेवा.

आणि नावं गाळली म्हणजे ओळख लपली असं नाही. ‘अमुक वस्तीवरच्या शाळेतली, तांड्यावरून येणारी चौथीची मुलगी’ एवढं लिहिलं की केंद्रातल्या प्रत्येक शिक्षकाला ती कोण ते कळतं. तालुक्याचंही नाव गाळा. पाचपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा तक्त्यात एकत्र करा. तक्ता थोडा ढोबळ होईल, तसा होऊ द्या.