बिल्डिंग मागे का पडते?

मागे एका क्लायंटने बिल्डिंगचा थ्रीडी व्ह्यू बघितला आणि म्हणाला, अहो, बिल्डिंग मागे कलंडतेय का? आणि खरंच कलंडत होती. चूक माझीच, रेंडर करणाऱ्या मुलाला मी मेसेजमध्ये एवढंच टाकलं होतं, "आय लेव्हल व्ह्यू दे, वाइड लेन्स, लाइनी सरळ पाहिजेत". त्याने कॅमेरा १.६ मीटरवर ठेवला, गच्ची फ्रेममध्ये येईना म्हणून तोंड वर केलं, झालं. कॅमेरा वर बघायला लागला की उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकणारच.

आता हिशोब बघा. बिल्डिंग १४ मीटर उंच, आपण समोरच्या फुटपाथवर, अंतर १५ मीटर. २४ एमएम लेन्स, फुल फ्रेम, फोटो आडवा आणि कॅमेरा एकदम लेव्हलमध्ये. डोळ्याच्या वर फक्त साडेसात मीटर दिसतं, म्हणजे जमिनीपासून ९.१ मीटरला फ्रेम संपली, वरचे मजले गेले, आणि खालचा जवळजवळ चाळीस टक्के फोटो नुसता रस्ता. म्हणून फ्रेम उभी करायची आणि कॅमेरा न वाकवता लेन्स ५ एमएम वर सरकवायची, यालाच शिफ्ट म्हणतात. गच्ची येते, वर थोडं आकाश राहतं, रस्ताही हवा तेवढाच. ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याचं X रोटेशन ९० आणि Shift Y साधारण ०.१४, बस.

लेन्सबद्दल एक सांगतो, पर्स्पेक्टिव्ह ठरतं तुम्ही कुठे उभे आहात त्यावर, लेन्स फक्त किती दिसणार ते ठरवते. तेव्हा माणूस खरंच कुठे उभा राहू शकेल ती जागा आधी, लेन्स नंतर. १८ एमएम लावून ७-८ मीटरवर घुसलात तर जवळचा कोपरा जहाजाच्या नाकासारखा पुढे येतो आणि छोटी सोसायटी मॉलसारखी दिसते (बिल्डरला ते आवडतं, तो भाग वेगळा).

आणि "लाइनी सरळ" हे लिहूच नका. कोणी त्याचा अर्थ लेन्सचा फुगवटा काढा असा घेतो, कोणी आडव्या रेषाही समांतर करतो आणि एलिव्हेशनची ड्रॉइंग हातात देतो. मी आता लिहितो, "कॅमेरा रस्त्यापासून १.६ मीटर, वर-खाली तिरका नाही, उभ्या रेषा एकमेकींना समांतर, आडव्या रेषा क्षितिजाकडे पळू देत, फ्रेमिंग शिफ्टने". लांबलचक आहे, पण परत फोन येत नाही.

व्ह्यू आला की आधी माणसांची डोकी बघा. रस्ता सपाट असेल तर जवळचा असो की लांबचा, उभ्या माणसांचे डोळे साधारण क्षितिजाच्या रेषेवरच येतात. सगळ्यांचीच डोकी त्या रेषेच्या खाली गेली असतील, जवळच्याचं जास्त, तर कॅमेरा उंच आहे; एकट्या लांबच्याचंच गेलं असेल तर तो माणूस चुकीच्या साइजचा चिकटवलाय.

फक्त वीस मजल्यांचा टॉवर अगदी जवळून दाखवायचा असेल तर पूर्ण करेक्शन करू नका, वरचे मजले ताणल्यासारखे आणि टॉवर वर रुंद होत गेल्यासारखा वाटतो. तिथे मी रेषा थोड्या झुकू देतो, किंवा सरळ मागे जाऊन उभा राहतो.