नाक आणि कॅमेऱ्यामधलं अंतर
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: एकच चेहरा, एकामागून एक फोटो. अंतर 250 सेंमीपासून 30 सेंमीपर्यंत कमी होत जातं.]

या चेहऱ्याकडे पाहत राहा. दोन डोळ्यांमधलं अंतर पडद्यावर जराही बदलत नाहीये, कारण प्रत्येक फोटो लहानमोठा करून ते आम्ही मुद्दाम सारखं ठेवलं आहे. त्यापलीकडे फोटोंना हात लावलेला नाही. बदलतंय ते बाकीचं सगळं. अडीच मीटरवरून दोन्ही कान पूर्ण दिसतात. दीड मीटरवर जवळजवळ तसेच आहेत. 60 सेंटीमीटरवर ते गालांच्या मागे सरकायला लागतात आणि 30 सेंटीमीटरवर त्यांची फक्त कड उरते. तोवर नाक पुढे आलंय, रुंद झालंय आणि कपाळ मागे उतरतं झालंय.

चेहरा तोच, प्रकाश तोच, फोन तोच. लेन्ससुद्धा तीच. या सगळ्या फोटोंमध्ये आम्ही एकच गोष्ट बदलली: नाकापासून कॅमेऱ्याचं अंतर. सेल्फीत नाक मोठं का दिसतं, ते यातूनच कळतं.

[दृश्य: स्टूल, हनुवटी टेकवायची पट्टी, जमिनीवर लांबवर पसरलेली मोजपट्टी, ट्रायपॉडवर फोन.]

मांडणी साधी आहे, पण हनुवटीची पट्टी महत्त्वाची आहे. माणूस बसल्या बसल्या नकळत दोन-तीन सेंटीमीटर पुढेमागे होतो. दीड मीटरवर त्याने काही बिघडत नाही. 30 सेंटीमीटरवर मात्र तेवढ्यानेही नाकाचा आकार बदललेला दिसतो. फोनची उंचीही डोळ्यांच्या रेषेत पक्की केली आहे. फोन वर गेला की कपाळ मोठं दिसतं, खाली आला की हनुवटी. ते दुसरं प्रकरण आहे, ते इथे मिसळायला नको होतं.

मोजपट्टीचं टोक नाकाच्या शेंड्याशी आहे. आता बाजूने पाहा.

[दृश्य: चेहरा बाजूने. कॅमेऱ्यापासून दोन दोरे, एक नाकाच्या शेंड्याला, एक कानासमोरच्या गालाच्या हाडाला.]

चेहऱ्याला खोली असते, आणि सगळं तिथूनच सुरू होतं. नाकाच्या शेंड्यापासून कानासमोरच्या गालाच्या हाडापर्यंत ही खोली साधारण 12 सेंटीमीटर धरू. कॅमेऱ्याचा नियम असा की वस्तू कॅमेऱ्यापासून जितकी दूर, तितकी ती फोटोत लहान. अंतर दुप्पट झालं की आकार निम्मा.

फोन नाकापासून 30 सेंटीमीटरवर आहे. म्हणजे गालाचं हाड 42 सेंटीमीटरवर. 42 ला 30 ने भागा, येतात 1.4. याचा अर्थ, गालांच्या मानाने नाकाचा शेंडा 1.4 पट मोठा छापला जातोय.

आता फोन दीड मीटरवर न्या. नाक 150 वर, हाड 162 वर. भागाकार 1.08. दोन्हीतली 12 सेंटीमीटरची खोली तशीच आहे, पण 150 पुढे 12 ची मातब्बरी उरत नाही.

आणि 1.4 ला 1.08 ने भागलं की मिळतात सुमारे 1.3. 30 सेंटीमीटरवरून घेतलेल्या सेल्फीत, दीड मीटरवरून घेतलेल्या फोटोच्या मानाने, नाकाचा शेंडा जवळपास 30 टक्के मोठा.

[दृश्य: कागदावरचं गणित, मग छापलेला शोधनिबंध.]

हाच आकडा 2018 साली ‘जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी’ या नियतकालिकात छापून आला. रटगर्स विद्यापीठाचे शल्यचिकित्सक बोरिस पास्कोव्हर आणि संगणकातून प्रतिमांचा अभ्यास करणारे ओहाद फ्रीड यांनी सहकाऱ्यांसोबत चेहऱ्याचं गणिती प्रारूप बांधलं आणि 12 इंच व 5 फूट या दोन अंतरांची तुलना केली. 12 इंचांवरून पुरुषांचं नाक सुमारे 30 टक्के आणि स्त्रियांचं 29 टक्के जास्त रुंद दिसतं, असं त्यांना आढळलं.

चार वर्षांनी टेक्सासमधल्या दुसऱ्या एका गटाने खऱ्या माणसांचे फोटो काढून त्यावर मापं घेतली. त्यात 12 इंचांवरून नाक सरासरी 6.4 टक्के लांब दिसलं आणि 18 इंचांवरून 4.3 टक्के. हे आकडे पहिल्यापेक्षा खूप लहान वाटतात. पण पहिल्या अभ्यासाने गालांच्या तुलनेत नाकाची रुंदी पाहिली होती, दुसऱ्याने नाकाची लांबी. लांबी मोजताना एक टोक भुवयांच्या मध्ये येतं, आणि ते गालाच्या हाडाइतकं मागे नसतं. दुसऱ्या अभ्यासातली एक नोंद मला जास्त बोलकी वाटते: हनुवटी सरासरी 12 टक्के आखूड दिसली. नाक मोठं वाटण्यात हनुवटीच्या या आखडण्याचाही वाटा आहे, आणि सेल्फी पाहताना तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

[दृश्य: फोनच्या मागच्या लेन्स जवळून. एकेका लेन्सवर बोट ठेवून झाकलं जातंय.]

मग वाइड-अँगल, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सला सगळे दोष का देतात? हे तपासायला आम्ही फोन दीड मीटरवर ठेवून दोन फोटो घेतले. एक वाइड लेन्सने, एक दूरचं मोठं करून दाखवणाऱ्या लांबच्या लेन्सने. वाइड फोटोतला चेहरा कापून मोठा केला आणि दुसऱ्यावर ठेवला. पाहा. नाक, डोळे, कान, सगळं एकमेकांवर बसतं. फरक फक्त बारकाव्यांचा आहे, कापून मोठा केलेला फोटो थोडा भुरकट आहे.

इथे एक फसगत होते, म्हणून बोटाने लेन्स झाकण्याचं हे दृश्य ठेवलं आहे. फोनवर ‘3x’ दाबलं की लांबची लेन्सच चालू होईल असं नाही. वस्तू फार जवळ असली की पुष्कळ फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याकडे वळतात आणि त्याचंच चित्र कापून दाखवतात. कारण लांबच्या लेन्सला तेवढ्या जवळचं स्पष्ट दिसत नाही. कोणती लेन्स झाकल्यावर पडदा काळा होतो ते पाहिलं की खरं काय ते कळतं.

म्हणजे नाकाचा आकार लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं. लेन्स दुसरंच काम करते: ती तुम्हाला जवळ ओढते. पुढच्या कॅमेऱ्याची लेन्स पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे 36 बाय 24 मिलिमीटर चौकटीच्या कॅमेऱ्याच्या मापात साधारण 24 मिलिमीटर नाभीय अंतराची असते. अशा लेन्सने उभी चौकट घेतली, तर चौकटीची रुंदी जवळजवळ अंतराएवढीच येते. दीड मीटरवर दीड मीटर रुंद. 15 सेंटीमीटर रुंदीचा चेहरा त्यात एक दशांश जागा व्यापतो. तो ठिपका पाहून हात आपोआप फोन जवळ आणतो. 30 सेंटीमीटरवर आला की चेहरा अर्धी चौकट भरतो, आणि मग बरं वाटतं. याउलट व्यक्तिचित्रांसाठी छायाचित्रकार 85 ते 105 मिलिमीटरची लेन्स लावतात. ती लावली की चेहरा चौकटीत मावण्यासाठी त्यांना मागे जावंच लागतं. नाकाला न्याय मिळतो तो या मागे जाण्यामुळे.

[दृश्य: आरसा. त्याच्यासमोर तीच व्यक्ती, मोजपट्टी आरशाला टेकलेली.]

आरशात असं का दिसत नाही? आरशापासून 45 सेंटीमीटरवर उभे राहा. आरशातला चेहरा काचेवर नसतो, काचेच्या तितकाच मागे असतो. तुमच्या डोळ्यांपासून तो 90 सेंटीमीटरवर आहे. त्या अंतराचा भागाकार 1.13 येतो. सेल्फीचा 1.4 होता. रोज आरशात पाहिलेलं नाक आणि फोनमधलं नाक जुळत नाही, याचं एक मोठं कारण हे. दुसरं, आरशात डावं-उजवं उलट दिसतं आणि पुष्कळ फोन जतन करताना ते सुलट करतात.

[दृश्य: समूह-सेल्फी. मग त्याच जागी ठेवलेले चेंडू.]

आता वाइड-अँगलचा स्वतःचा दोष. ओळीत धरलेले हे सगळे चेंडू गोल आहेत. मधला फोटोतही गोल दिसतो, कडेचे मात्र बाहेरच्या बाजूला ताणलेले. सरळ रेषा सरळ ठेवायच्या म्हणून लेन्स कडांना ही किंमत मोजते. मधल्या रेषेपासून 40 अंशांवर असलेली वस्तू ज्या दिशेला बाहेर पसरते, त्या दिशेला ती दुसऱ्या दिशेपेक्षा सुमारे 30 टक्के जास्त ताणली जाते. कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाचं डोकं रुंद दिसतं ते यामुळे. नाक मात्र इथेही अंतरामुळेच मोठं होतं, आणि समूह-सेल्फीत तो फटका ज्याच्या हातात फोन आहे त्याला बसतो.

[दृश्य: दोन छापील फोटो शेजारी. फोटोतली व्यक्ती दोन्ही हातात घेऊन पाहते. निवेदन थांबतं.]

[दृश्य: शल्यचिकित्सेच्या दवाखान्यातली फोटोची खोली, जमिनीवर आखलेली रेषा.]

चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या अमेरिकी शल्यचिकित्सकांच्या 2017 सालच्या पाहणीत 55 टक्क्यांनी सांगितलं, की सेल्फीत चांगलं दिसायला हवं म्हणून लोक आमच्याकडे येतात. नाकाची मापं घ्यायचे फोटो ठरलेल्या अंतरावरून काढतात, ही रेषा त्यासाठी. त्या खोलीत हातातला सेल्फी पुरावा म्हणून चालत नाही, आणि तो दाखवून नाक कापून घेण्याआधी या रेषेवर उभं राहून काढलेला फोटो मागून पाहिला पाहिजे.

[दृश्य: फोन कपाटावर टेकवलेला, टायमर चालू.]

घरीही तो काढता येतो. फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवा, टायमर लावा आणि दीड मीटर मागे या. मागचा कॅमेरा ‘2x’ वर वापरता आला तर उत्तम. चौकटीत चेहरा लहान येईल, तो नंतर कापा. 3000 बाय 4000 बिंदूंच्या साध्या फोटोत या अंतरावरून चेहऱ्याच्या वाट्याला रुंदीचे सुमारे 300 बिंदू येतात, आणि लांबच्या लेन्सने ‘2x’ घेतलं तर 600. मोठ्या छपाईला हे कमी पडतील. फोनच्या पडद्यावर नाकाचं खरं प्रमाण पाहायला पुरतात.