दोन्ही गट सुधारले, तरी निकाल घसरला

(इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज एकच उदाहरण घ्यायचं आहे, पण ते तळापर्यंत न्यायचं आहे. आपल्याकडे माध्यमिक शिक्षा मंडळाच्या परीक्षेला दोन प्रकारची मुलं बसतात, हे इंदुरात कुणाला सांगायला नको. एक नियमित, म्हणजे रोज शाळेत जाणारी. दुसरी स्वाध्यायी, ज्यांच्याबद्दल आपण "प्राइवेट फॉर्म भरला" असं म्हणतो. कुणी नापास होऊन पुन्हा बसलेलं असतं, कुणी दुकानात काम करत अभ्यास करतं, तर कुणा बाईची लग्नामुळे दहावी राहिलेली असते. साहजिकच या दुसऱ्या गटाचा निकाल पहिल्यापेक्षा बराच कमी लागतो.

आता एक परीक्षा केंद्र कल्पा. आकडे मी हिशेबाला सोपे पडावेत म्हणून घेतले आहेत, कुठल्या खऱ्या केंद्राचे नाहीत. पहिल्या वर्षी 800 नियमित मुलं बसली आणि 640 पास झाली, म्हणजे 80 टक्के. स्वाध्यायी 200 बसले आणि 60 पास झाले, म्हणजे 30 टक्के. एकूण 1000 पैकी 700, निकाल 70 टक्के.

दुसऱ्या वर्षी नियमित तेवढीच, 800. त्यातली 672 पास, 84 टक्के. स्वाध्यायींची संख्या मात्र वाढून 800 झाली आणि त्यातले 320 पास झाले, म्हणजे 40 टक्के. नियमितांचे चार टक्के वाढले, स्वाध्यायींचे तर दहा. आणि एकूण? 1600 पैकी 992, म्हणजे 62 टक्के. निकाल आठ टक्क्यांनी खाली आला.

यात बेरजेची चूक कुठेही नाही. हवं तर वहीच्या मागच्या पानावर करून बघा. एकूण टक्का हा दोन गटांच्या टक्क्यांच्या मधे कुठेतरी असतो, आणि नेमका कुठे हे त्या गटांच्या संख्येवर ठरतं. पहिल्या वर्षी शंभरातली 80 मुलं नियमित होती, म्हणून 70 हा आकडा 80 च्या जवळ होता. दुसऱ्या वर्षी दोन्ही गट निम्मे-निम्मे झाले, तेव्हा तो 84 आणि 40 यांच्या बरोबर मध्यावर, 62 वर आला. गटांचं प्रमाण बदललं नसतं तर असं उलटणं शक्यच नव्हतं. दोन्ही टक्के वाढले आणि प्रमाण तेच राहिलं तर एकूण टक्का वाढायलाच हवा.

किती प्रमाण बदललं की निकाल उलटतो, हेही काढता येतं. नवे टक्के 84 आणि 40 धरा. स्वाध्यायी शंभरात 25 असते तर एकूण निकाल 73 लागला असता, 30 असते तर 70.8. साधारण 32 च्या पुढे गेले की तो जुन्या 70 च्या खाली जातो. म्हणजे 20 वरून 32 वर जाणं एवढं पुरतं; आपल्या उदाहरणात तर ते 50 वर गेले आहेत.

या आठ टक्क्यांची फोड करणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. पहिल्या वर्षाचं 80-20 हे प्रमाण कायम धरून नवे टक्के लावले तर निकाल 75.2 येतो. म्हणजे सुधारणा 5.2 ची. उलट, दुसऱ्या वर्षाचं निम्मं-निम्मं प्रमाण धरून जुने टक्के लावले तर 55 येतात, आणि तिथून 62 म्हणजे सुधारणा 7 ची. कुठलं वर्ष पायाला धरलं त्यावर उत्तर थोडं हलतं. एव्हलिन कितागावा या लोकसंख्याशास्त्रज्ञ बाईंनी 1955 मध्ये यावर दोन्हींची सरासरी घेण्याची रीत मांडली. त्या रीतीने सुधारणेचे अधिक 6.1 आणि प्रमाण बदलल्याचे उणे 14.1, मिळून उणे 8. शिकवण्याने निकाल सहा टक्के वर नेला, आणि दारात आलेल्या नव्या मुलांमुळे तो चौदा टक्के खाली दिसला. यातली दुसरी गोष्ट मला तरी वाईट वाटत नाही. आधी 700 जणांच्या हातात पास झाल्याची मार्कशीट पडली, आता 992 जणांच्या. अशा केंद्राला "निकाल घसरला" म्हणून नोटीस देणं हा सरळ अन्याय आहे.

इथे थांबलो तर मात्र फसगत होईल. कारण "गटवार बघा, ते खरं" हा नियमसुद्धा टिकत नाही. पुन्हा पहिल्या वर्षावर या. 800 नियमितांपैकी 100 मुलं कच्ची आहेत, त्यातली निम्मी पास होतील अशी. समजा नववीनंतर त्यांच्या पालकांना बोलावून सांगितलं, की "ह्याला शाळेतून बसवू नका, प्राइवेट फॉर्म भरा." तीच मुलं, तेच पेपर, तेच मार्क. आता नियमित उरले 700, पास 590, निकाल 84.3 टक्के. स्वाध्यायी झाले 300, पास 110, निकाल 36.7. दोन्ही गटांचे टक्के वाढले! एकूण मात्र 1000 पैकी 700, तसाच 70. एकही मूल जास्त शिकलं नाही. हलवलेली मुलं जुन्या गटात सरासरीपेक्षा कच्ची होती आणि नव्या गटात सरासरीपेक्षा चांगली, म्हणून दोन्हीकडची सरासरी वर गेली. इथे एकूण टक्का खरं बोलतो आणि गटवार टक्के फसवतात.

या उलटापालटीला ज्यांचं नाव मिळालं, त्या एडवर्ड सिम्पसन यांच्या 1951 च्या लेखात मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गणितातली ही चमत्कारिक गोष्ट त्याआधीच, 1903 मध्ये उडनी यूल यांनी दाखवली होती. सिम्पसन यांनी दाखवलं ते असं, की आकडे अगदी तेच असले तरी कधी गटवार वाचन बरोबर असतं, कधी एकत्र. आणि ते आकड्यांच्या मागची हकीगत ठरवते. नुसतं कोष्टक बघून ते कळत नाही.

आपल्या प्रश्नात ती हकीगत अशी विचारायची: मूल कोणत्या गटात जाणार हे कुणी ठरवलं? शाळेच्या हातात नसलेल्या कारणाने ठरलं असेल, उदाहरणार्थ बाहेरून नवे स्वाध्यायी आले असतील, तर गटवार टक्के बघा. शाळेनेच मुलाला एका गटातून दुसऱ्यात ढकललं असेल, तर गटवार टक्क्यांना अर्थ उरत नाही.

हे ओळखायला बसलेल्यांची संख्या हा पहिला पुरावा. टक्के वाढले आणि नियमितांची संख्या त्याच वर्षी घटली, तर संशय घ्यायला जागा आहे. पण संख्या तेवढीच राहिली म्हणून निश्चिंत होऊ नका. शंभर कच्ची बाहेर गेली आणि शंभर हुशार दुसऱ्या शाळेतून आली, तरी ती 800 च दिसते. म्हणून निकालाच्या कागदापासून सुरुवातच करायची नाही. नववीचा पट घ्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक मुलाचं पुढच्या वर्षी काय झालं ते नावानिशी शोधायचं: नियमित बसलं, प्राइवेट बसलं, दुसऱ्या शाळेत गेलं, की परीक्षेलाच बसलं नाही. शेवटच्या प्रकारातली मुलं कुठल्याच टक्केवारीत येत नाहीत, ना गटवार, ना एकूण. पटावरच्या मुलांच्या संख्येने भागलं तरच ती हिशेबात येतात.