सोसायटीच्या बिलातील व्याजाचा रकाना

श्रोतेहो, नमस्कार. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. आज सोसायटीच्या देखभाल बिलातील चार रकान्यांविषयी बोलायचे आहे. त्यातले तीन मी थोडक्यात सांगेन आणि चौथ्यापाशी, म्हणजे उशिराच्या व्याजापाशी, थांबेन. आपले बिल जवळ असेल तर ते समोर घेऊन बसावे.

सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी हे दोन्ही आपल्या सदनिकेच्या बांधकाम खर्चावर आकारले जातात. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सहकार खात्याने सोसायट्यांसाठी घालून दिलेल्या नमुना नियमांनुसार, सिंकिंग फंडाचा किमान दर वर्षाला पाव टक्का, तर दुरुस्ती निधीचा पाऊण टक्का आहे. बांधकाम खर्च 12 लाख रुपये असेल, तर सिंकिंग फंडाचे वर्षाला 3,000 आणि दुरुस्ती निधीचे 9,000 रुपये होतात. मात्र हा खर्च जमिनीची किंमत वगळून धरायचा असतो. पुन्हा सांगतो, जमिनीची किंमत वगळून. करारनाम्यातील 20 लाखांच्या किमतीवर पाव टक्का लावला, तर 3,000 च्या जागी 5,000 रुपये होतात, आणि सभासदाला ते कित्येक वर्षे कळतही नाही. दुरुस्ती निधीतून पंप, पाइप, गळती अशी नेहमीची कामे होतात. सिंकिंग फंड मात्र पुनर्बांधणी किंवा वास्तुविशारदाने आवश्यक ठरवलेल्या मोठ्या कामांसाठी राखायचा असतो, आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव व निबंधकांची परवानगी लागते. उन्हाळ्यात टँकरचे पैसे चुकते करण्यासाठी या निधीला हात लावलेला मी आपल्या मराठवाड्यात पाहिला आहे, आणि ते मला कधीच पटले नाही. पाण्याचा खर्च पाण्याच्या रकान्यातच, नळजोडांच्या संख्येनुसार व आकारानुसार वाटला गेला पाहिजे.

पार्किंग शुल्काचा दर सर्वसाधारण सभा ठरवते, आणि ते ज्याला जागा दिली आहे त्याच्याकडूनच घेतले जाते. ज्याला जागा नाही, त्याच्या बिलात हा रकाना कोरा असायला हवा.

आता व्याज. आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर व्याज लावता येते ते सरळव्याज, आणि तेही वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के. यातले दोन शब्द लक्षात ठेवावेत, सरळ आणि जास्तीत जास्त. आपल्या संस्थेने नेमका कोणता दर ठरवला आहे, हे सभेच्या इतिवृत्तात सापडते. दरमहा दोन टक्के असे लिहिलेले आढळले, तर ते वर्षाला 24 टक्के होतात आणि ही मर्यादा तिथेच ओलांडली जाते. आपली इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखालील असेल, तर मात्र हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, आधी आपले घोषणापत्र पाहावे लागते.

हे सगळे मला ज्यांच्यामुळे नव्याने उमगले, त्या गुरुजींविषयी आता सांगतो. ते लातूर जिल्ह्यातील एका शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. मुलाजवळ राहता यावे म्हणून त्यांनी छत्रपती संभाजीनगरात एक सदनिका घेतली होती. त्यांच्या सोसायटीने गच्चीच्या जलरोधक कामासाठी प्रत्येक सभासदाकडून 24,000 रुपये घेण्याचा ठराव केला. जून महिन्याची अखेर ही मुदत होती, आणि नेमक्या त्याच दिवसांत गुरुजींच्या पत्नी रुग्णालयात होत्या. ती रक्कम राहून गेली, पण दर तिमाहीचे नेहमीचे बिल त्यांनी एकदाही चुकवले नाही. प्रत्येक धनादेशाच्या मागे ते बिलाचा क्रमांक आणि तिमाही लिहीत असत, त्यामुळे ते पैसे जुन्या बाकीत वळते न होता त्या त्या बिलातच जमा झाले. रक्कम कोणत्या देण्यापोटी देत आहोत हे देणाऱ्याने सांगितले आणि ती स्वीकारली गेली, तर ती त्याच देण्यात धरावी लागते, असे भारतीय करार कायद्याचे कलम 59 सांगते. गुरुजींना हे कलम माहीत नव्हते. नोंद ठेवण्याची त्यांची सवय मात्र पक्की होती.

तीन वर्षांनी त्यांना बिल आले, आणि त्यात मागील थकबाकी म्हणून 44,348 रुपये दाखवले होते. एका संध्याकाळी कापडी पिशवीत बारा बिले घेऊन ते माझ्या घरी आले. सतरंजीवर त्यांनी ती ओळीने मांडली आणि म्हणाले, "साहेब, व्याज देणे मला मान्य आहे. पण मुद्दल जागचे हललेले नाही आणि व्याज मात्र दर वेळी वाढते आहे. सातवीच्या मुलालाही मी असे उत्तर लिहू दिले नसते."

मी बिलांवरून नजर फिरवली. पहिल्या तिमाहीचे व्याज 1,260 रुपये होते. ते बरोबर होते, कारण 24,000 वर 21 टक्क्यांनी वर्षाला 5,040 होतात आणि त्याचा चौथा भाग 1,260. दुसऱ्या बिलात 1,326 होते, तिसऱ्यात 1,396, आणि बाराव्यापर्यंत हा आकडा 2,212 वर पोहोचला होता. श्रोतेहो, ही खूण नीट ऐका. थकलेले मुद्दल तेच असेल, तर प्रत्येक तिमाहीचे व्याजही तेवढेच यायला हवे. बाराही बिलांत 1,260 हाच आकडा दिसायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे खजिनदारांकडे गेलो. ते नोकरी सांभाळून सोसायटीचे काम करणारे तरुण गृहस्थ होते आणि त्यांच्या मनात काही खोट नव्हती. संगणकावर खातेउतारा उघडताच कारण दिसले. व्याज आकारले की ते थकबाकीत मिळवले जाई, आणि पुढच्या तिमाहीत त्या एकत्र रकमेवर पुन्हा व्याज लागे. म्हणजे व्याजावर व्याज, चक्रवाढ. बिलावर मुद्दलाची थकबाकी आणि व्याजाची थकबाकी असे दोन वेगळे रकाने नव्हते, एकच होता, म्हणून ही चूक कोणाच्या डोळ्यांना दिसली नाही. हे दोन रकाने वेगळे छापणे प्रत्येक संस्थेवर बंधनकारक असावे, असे माझे ठाम मत आहे.

गुरुजींनी वहीचे पान उलटले आणि हिशेब मांडला. वर्षाचे 5,040 प्रमाणे तीन वर्षांचे व्याज 15,120, त्यात मुद्दल 24,000 मिळवून देणे 39,120. बिलात 5,228 रुपये जास्त लागले होते. खजिनदारांनी तो हिशेब दोनदा पडताळला आणि म्हणाले, "गुरुजी, लेखी अर्ज द्या. समितीसमोर ठेवतो, आणि बाकीच्या थकबाकीदारांची खातीही तपासतो." तशी तपासणी झाली, तेव्हा आणखी काही खात्यांवर तीच चूक सापडली, आणि पुढच्या बिलात सगळ्यांची जादा रक्कम जमा दाखवली गेली.

गुरुजींनी 39,120 रुपयांचा धनादेश लिहिला. त्याच्या मागे त्यांनी दोन ओळी लिहिल्या, मुद्दल 24,000 आणि व्याज 15,120, आणि पावतीवरही हे दोन आकडे वेगवेगळे लिहून घेतल्यावरच ते खुर्चीवरून उठले.