आरती समर्थांची, मग लाइव्ह मध्येच का अडलं?

नमस्कार मंडळी. गणपती आले की मला हा प्रश्न हमखास येतो. घरच्या आरतीचं यूट्यूबवर लाइव्ह केलं. मागे स्पीकरवर अ‍ॅपमधली ‘सुखकर्ता दुखहर्ता’ लावली होती, घरचे सगळे तिच्यासोबत म्हणत होते. मध्येच प्रेक्षकांना आमच्याऐवजी एक स्थिर चित्र दिसायला लागलं. अ‍ॅपचे पैसे तर दर महिन्याला भरतो, आणि आरती सतराव्या शतकातली, समर्थ रामदासांची. मग हक्क सांगणारं हे कोण?

आधी अ‍ॅपचं बघू. तुम्ही जे पैसे भरता ते ऐकण्याचे. स्पॉटिफायच्या अटींतच लिहिलंय की वापर वैयक्तिक आणि बिगर-व्यावसायिक हवा. ते गाणं स्वतःच्या व्हिडिओत घालून जगाला ऐकवायची परवानगी त्यात येत नाही. ती वेगळी, आणि ती गाण्याच्या मालकाकडून घ्यावी लागते.

आता मालक कोण, हा खरा मुद्दा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात एका गाण्यावर तीन वेगळे हक्क असतात: शब्दांवर, चालीवर आणि ध्वनिमुद्रणावर. समर्थांच्या शब्दांवर आज कुणाचाच हक्क नाही. पण स्पीकरवर वाजत होतं ते कुण्या गायकाने स्टुडिओत गायलेलं, एखाद्या कंपनीने काढलेलं मुद्रण. त्याचा हक्क प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो.

जुन्या गाण्यांबाबत तर उलटाच घोळ होतो. समजा गदिमांचं एखादं गाणं 1960 साली ध्वनिमुद्रिकेवर आलं. त्या मुद्रणाची 60 वर्षं 2020 अखेर संपली. पण शब्दांचा हक्क कवीच्या निधनानंतर 60 वर्षं राहतो. गदिमा 1977 मध्ये गेले, म्हणजे ते शब्द 2037 अखेरपर्यंत सुरक्षित आहेत. म्हणूनच ‘गाणं जुनं आहे, चालेल’ असं म्हणून भागत नाही.

यूट्यूबला हे कळतं कसं? तिथे ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा आहे. कंपन्या आपली मुद्रणं तिच्याकडे देऊन ठेवतात. यंत्रणा प्रत्येकाचा एक ठसा बनवते, बोटांच्या ठशासारखा: कोणत्या क्षणी कोणते स्वर किती जोरात आहेत, याचा नकाशा. तुमच्या आवाजाचाही तसाच नकाशा काढून ती जुळवून बघते. टाळ वाजत असतील, आजी मोठ्याने म्हणत असतील, तरी खालचं मुद्रण बऱ्याचदा ओळखू येतं. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ आणि ‘खाली गायकाचं नाव दिलं की चालतं’ या दोन्ही ऐकीव गोष्टी आहेत. असा नियम नाही.

ठसा जुळला की पुढे काय, हे मालकाने आधीच ठरवलेलं असतं. व्हिडिओ राहू द्यायचा आणि जाहिरातीचे पैसे आपण घ्यायचे, नुसती आकडेवारी बघायची, किंवा अडवायचा. लाइव्हमध्ये ते स्थिर चित्र म्हणजे इशारा असतो. त्याच क्षणी स्पीकर बंद करा, प्रक्षेपण पुन्हा सुरू होऊ शकतं. वाजत राहिलं तर लाइव्हच थांबवलं जाऊ शकतं. आणि लाइव्ह नीट पार पडलं, तरी मागे राहिलेला व्हिडिओ पुन्हा तपासला जातो.

ठसा जुळल्यावर येणारा हा हक्काचा दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलच्या नावावर लागणारा ठपका, नव्हे, घाबरू नका. स्ट्राइक येतो तो मालकाने व्हिडिओ काढायची रीतसर कायदेशीर मागणी केली तर. 90 दिवसांत असे तीन आले, तर चॅनेल बंद होऊ शकतं.

दुरुस्ती YouTube Studio मध्ये होते. दाव्याचा तपशील उघडलात की कुठून कुठपर्यंत गाणं सापडलं ती वेळ दिसते. तिथे Erase song निवडा. ते गाणं काढून बोलणं ठेवायचा प्रयत्न करतं. पण आरतीत अडचण अशी, की घरच्यांचे आवाज त्याच चालीत, त्याच वेळी मिसळलेले असतात. ते वेगळे निघाले नाहीत, तर उरतं तेवढ्या भागाचा आवाज बंद करणं किंवा तो तुकडा कापणं. तेवढ्यासाठी अख्खा व्हिडिओ उडवू नका.

आणि अ‍ॅप न लावता, पेटी-टाळ घेऊन घरच्यांनीच आरती म्हटली आणि तरी दावा आला तर? असंही होतं, कारण यंत्रणा चालही जुळवते. तेव्हा हरकत नोंदवा. गायलं कोणी, वाजवलं कोणी आणि रचना समर्थांची आहे, हे साधेपणाने लिहा. दावेदाराला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. त्याने उत्तर दिलं नाही, तर दावा आपोआप सुटतो. पण मागे अ‍ॅप वाजत होतं तर ही हरकत घेऊ नका. ते प्रकरण अपिलापर्यंत ताणलंत, तर दावेदार तीच कायदेशीर मागणी करू शकतो, आणि मग तो स्ट्राइक खरा असतो.