जाणाऱ्या अकाउंटंटची नोट: मंथ-एंड फाइलमधला कुठला आकडा कुठे जातो

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका डाळ मिलमध्ये मी अकाउंट्स बघते, आणि या महिन्याअखेर ते काम सोडतेय. माझ्या जागी येणाऱ्यासाठी नोट लिहिताना लक्षात आलं, की बहुतेक हँडओव्हर नोटमध्ये शीटची नावं असतात, पासवर्ड असतात, कुठलं रिटर्न कधी भरायचं ते असतं. एका शीटमधला आकडा दुसऱ्या शीटमध्ये कसा पोचतो, हे मात्र कोणी लिहीत नाही. आणि नवीन माणूस पहिल्या महिन्याला अडकतो तो नेमका तिथेच. म्हणून आज फक्त तेवढंच बघू. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी गोल घेतलेत, पण फाइलची बांधणी खरी आहे.

स्क्रीनवर: फाइलच्या तळाशी शीटची नावं, `TB`, `Map`, `Sch`, `Stock`, `PL`, `BS`, `Prev`

टॅलीमधून ट्रायल बॅलन्स लेजरवाइज एक्सपोर्ट करायचा आणि `TB` शीटच्या पहिल्या तीन कॉलममध्ये चिकटवायचा: लेजरचं नाव, डेबिट, क्रेडिट. चौथ्या कॉलममध्ये डेबिट वजा क्रेडिट. पाचव्या कॉलममध्ये ते लेजर कुठल्या हेडखाली जातं ते येतं, `Map` शीटमधून शोधून. तो फॉर्म्युला हा:

```
=IF(A2="","",IFERROR(VLOOKUP(A2,Map!$A:$B,2,FALSE),"UNMAPPED"))
```

मग `Sch` शीट प्रत्येक हेडची बेरीज घेते:

```
=SUMIFS(TB!$D$2:$D$400,TB!$E$2:$E$400,A5)
```

`Sch` मधून विक्री, खरेदी, खर्च `PL` मध्ये जातात. येणी, देणी, बँक, भांडवल `BS` मध्ये जातं. `PL` चा नफा `BS` च्या भांडवलाखाली येतो. शेवटी `BS` च्या तळाशी एक सेल आहे, मालमत्तेच्या बाजूची बेरीज वजा देणी, भांडवल आणि नफ्याची बेरीज. ते शून्य आलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात.

माझ्या नोटमध्ये सगळ्यात जास्त जागा या शून्याला दिली आहे. हे शून्य काय पकडतं आणि कशापुढे गप्प बसतं, हे कळलं की अर्धी फाइल कळली.

एप्रिलचा महिना घेऊ, म्हणजे वर्षाची सुरुवात असल्यामुळे मागचं काही वजा करावं लागत नाही. खरेदी 40 लाख, विक्री 46 लाख, सुरुवातीचा स्टॉक 8 लाख, खर्च अडीच लाख. येणी 9 लाख, बँकेत दीड लाख, देणी 7 लाख, भांडवल 8 लाख. दोन्ही बाजू 61 लाख, ट्रायल बॅलन्स जुळला. अखेरचा स्टॉक 9 लाख धरला तर नफा साडेचार लाख येतो आणि ताळेबंद दोन्हीकडे साडेएकोणीस लाखांवर जुळतो.

आता समजा, कळमन्याकडे नवीन गोडाऊन घेतलं आणि कोणीतरी टॅलीमध्ये `Hamali New Godown` असं नवीन लेजर उघडून त्यात 18,400 टाकले. `Map` मध्ये हे नाव नाही. त्यामुळे हेडच्या कॉलममध्ये `UNMAPPED` येतं, आणि `Sch` मध्ये या नावाचं हेडच नसल्यामुळे ती रक्कम कुठेच जात नाही. खर्च 18,400 ने कमी, नफा तेवढाच जास्त, आणि ताळेबंदात 18,400 चा फरक. इथे ते शून्य आपलं काम करतं, ओरडून सांगतं.

पण दर वेळी नाही. समजा दोन नवीन लेजर उघडली: एकात 50,000 डेबिट, दुसऱ्यात 50,000 क्रेडिट. दोन्ही मॅप झालेली नाहीत, दोन्ही गायब, आणि फरक शून्य! म्हणून मी रकमेवर भरवसा ठेवत नाही, संख्या मोजते:

```
=COUNTIF(TB!$E$2:$E$400,"UNMAPPED")
```

ही संख्या शून्य असल्याशिवाय पुढचं शीट उघडायचं नाही. एक आली, तर आधी बघा की टॅलीची शेवटची एकूण बेरजेची ओळ पुसायची राहिलीय का. तिची डेबिट-क्रेडिट सारखी असते, त्यामुळे फरक पडत नाही, पण मोजणीत ती दिसते. एकदम वीस-पंचवीस आल्या, तर एक्सपोर्ट लेजरवाइज न होता ग्रुपसकट झालाय असं समजा. आणि हो, ओळी 400 च्या पुढे गेल्या तर `SUMIFS` त्यांच्याकडे बघणारच नाही, आणि ही मोजणीही नाही. लेजर वाढत चालली की हा आकडा दोन्हीकडे बदलायचा.

काही ऑफिसांमध्ये एक सवय दिसते, ती माझ्या नोटमध्ये लाल अक्षरात आहे. फरक सापडत नाही म्हणून `BS` मधला नफा `PL` मधून न आणता मालमत्तेतून बाकीचं वजा करून काढतात. असं एकदा केलं की ताळेबंद कायम जुळतो, कारण तो जुळवूनच घेतलेला असतो. `BS` च्या नफ्याच्या सेलवर क्लिक करा. तिथे `=PL!C30` हेच दिसलं पाहिजे.

स्क्रीनवर: `Stock` शीट

आता या शीटकडे नीट बघा, कारण फाइलमध्ये हाताने भरायचा एवढाच एक मोठा आकडा आहे. टॅलीच्या ट्रायल बॅलन्समध्ये आमच्याकडे अखेरचा स्टॉक येत नाही. तो गोडाऊनच्या मोजणीवरून इथे भरला जातो. तूर 80 क्विंटल 7,500 च्या भावाने 6 लाख. डाळ 30 क्विंटल 9,800 ने 2 लाख 94 हजार. चुनी 3 क्विंटल 2,000 ने 6 हजार. एकूण 9 लाख, सेल `E20`. आणि हा एकच सेल दोन ठिकाणी जातो: `PL` मध्ये अखेरचा स्टॉक म्हणून, `BS` मध्ये मालमत्ता म्हणून. नफा त्याच्याइतकाच वाढतो, मालमत्ताही त्याच्याइतकीच वाढते. म्हणजे इथे तुम्ही 9 लाख लिहा नाहीतर 90 लाख, तळाचा फरक शून्यच राहणार.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते सांगते. 30 एप्रिलला संध्याकाळी तुरीची एक गाडी येते, 12 क्विंटल. गोडाऊनवाले दादा प्रामाणिकपणे मोजतात: 92 क्विंटल. बिल मात्र 2 मेला हातात येतं आणि टॅलीमध्ये 2 मेच्या तारखेने चढतं. एप्रिलच्या स्टॉकमध्ये 90,000 चा माल आला, पण एप्रिलच्या खरेदीत त्याचं बिल नाही. नफा साडेचार लाखांचा 5 लाख 40 हजार झाला. ताळेबंद 20 लाख 40 हजारांवर दोन्हीकडे जुळला. सेठजी खूश, फाइल बंद.

मग हे ओळखायचं कसं? ग्रॉस मार्जिनवरून. आमच्या एप्रिलमध्ये 46 लाखांच्या विक्रीवर 7 लाख, म्हणजे 15.2 टक्के यायला हवं होतं. चुकीच्या स्टॉकमुळे ते 17.2 दिसतं. पुढच्या महिन्यात तेवढीच विक्री आणि तेवढाच धंदा झाला तरी मार्जिन 13.3 वर येतं, कारण ते 90,000 चं बिल मेच्या खरेदीत बसलेलं असतं. एक महिना वर, लगेच पुढचा खाली, आणि दोघांची सरासरी नेहमीसारखी: असं दिसलं की भावाला दोष देण्याआधी महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांची आवक आणि नवीन महिन्याच्या पहिल्या आठवड्याची बिलं समोरासमोर ठेवायची. गेटपासची तारीख आणि बिलाची तारीख वेगळ्या महिन्यात पडली, की चोर सापडला. यावर दोनच बरोबर मार्ग आहेत. एक तर बिल एप्रिलमध्ये घ्या, मग खरेदी आणि देणी दोन्ही 90,000 ने वाढतात आणि नफा पुन्हा साडेचार लाख होतो. नाहीतर तो माल एप्रिलच्या मोजणीतून वगळा.

आता शेवटचा ब्लॉक, `Prev`. मेपासून टॅलीचा ट्रायल बॅलन्स 1 एप्रिलपासूनचा येतो, पण सेठजींना फक्त मेचा नफा हवा असतो. म्हणून एप्रिल बंद झाल्यावर `PL` ची प्रत व्हॅल्यू म्हणून `Prev` मध्ये चिकटवलेली असते, आणि मेच्या कॉलममध्ये साधं वजा आहे:

```
=C8-Prev!C8
```

आता वरच्याच बिलाकडे परत या. मेच्या मध्यात कोणाच्या तरी लक्षात येतं की गाडी 30 एप्रिलला आली होती, आणि ते टॅलीमध्ये बिलाची तारीख मागे नेतात. टॅलीमधला एप्रिल आता बरोबर झाला. पण `Prev` गोठलेलं आहे; त्याला हे माहीतच नाही. त्यामुळे मेच्या कॉलममध्ये ते 90,000 तसेच येतात. दुरुस्ती केली, तरी रिपोर्टमध्ये काहीच बदललं नाही. नवीन माणूस इथे तासन्‌तास फॉर्म्युले तपासत बसतो, आणि फॉर्म्युल्यात खोट नसतेच.

म्हणून दर महिन्याला काम सुरू करताना आधी मागच्या महिनाअखेरपर्यंतचा ट्रायल बॅलन्स पुन्हा एक्सपोर्ट करायचा. फाइलच्या एका प्रतीत तो `TB` वर चिकटवायचा, `Stock` मध्ये मागच्या महिन्याचाच आकडा ठेवायचा, आणि `PL` व `Prev` ओळीने वजा करून बघायचे. कुठे फरक दिसला तर मागच्या महिन्यात कोणीतरी हात घातलाय. मग `Prev` नव्याने गोठवायचं की फरक चालू महिन्यात ठेवायचा, हे सेठजींशी बोलून ठरवायचं, आणि ते त्याच शीटवर तारखेसह लिहायचं. गुपचूप `Prev` बदलू नका. सेठजींच्या हातात जुना रिपोर्ट असतो, आणि दोन आकड्यांमधला फरक तेच तुम्हाला विचारतील.

चार्ज देताना आम्ही एक गोष्ट समोर बसून करणार आहोत, तुम्हीही करून बघा. फाइलची प्रत घ्या, `Stock` च्या एका ओळीत एक लाख वाढवा आणि काय काय हलतं ते कागदावर लिहा. माझ्या फाइलमध्ये `Stock` ची बेरीज हलते, `PL` मधला अखेरचा स्टॉक, ग्रॉस प्रॉफिट आणि नफा हलतो, `BS` मधला स्टॉक आणि भांडवलाखालचा नफा हलतो, दोन्ही बाजूंच्या बेरजा हलतात, आणि `PL` मधला त्या महिन्याचा कॉलम हलतो. `Sch` अजिबात हलत नाही. `Sch` हललं, तर कोणीतरी `Stock` चा आकडा `TB` किंवा `Sch` मध्येही जोडलाय आणि तो दोनदा धरला जाऊ शकतो. आणि यातलं एखादं जागचं हललंच नाही, तर त्या सेलमध्ये फॉर्म्युल्याऐवजी कोणीतरी नुसता आकडा टाईप केलाय. वर फॉर्म्युला बारमध्ये बघा, लगेच दिसेल.